उपाशी माणसाचं इन्सुलिन

बारावीच्या वर्गाला इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन शिकवायला मला एक तास पुरतो. फळ्यावर दोन रकाने पाडायचे. डावीकडे ‘जेवलेला माणूस’, उजवीकडे ‘उपाशी माणूस’. जेवणानंतर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, पेशी साखर आत घेतात, उरलेली यकृत साठवून ठेवतं. जेवून काही तास झाले की साखर उतरायला लागते, मग ग्लुकॅगॉन वाढतं आणि यकृताला साठा मोकळा करायला लावतं. एकाचं राज्य संपलं की दुसऱ्याचं सुरू. मुलांना आवडतं, पाठ होतं, बोर्डात तीन मार्क हमखास पडतात. मी चौदा वर्षं हेच शिकवत होते आणि चांगलं शिकवते असा माझा लौकिक होता. लौकिक मलाही आवडत होता, खोटं कशाला बोलू?

हा धडा माझ्या घरातच राहत होता. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा असताना त्याच्या स्वादुपिंडानं इन्सुलिन बनवणं बंद केलं. टाइप वन. वडील नुकतेच गेले होते, आई अंगणवाडीत मदतनीस, तिचं माहेर चांदवडकडचं, शिक्षण सातवी. त्यामुळे त्याच्या आजाराचा कारभार पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आला. सुई कशी भरायची, किती युनिट, काय खायचं, शाळेच्या सहलीला जायचं की नाही, सगळं मी ठरवायचे. सहलीला बहुतेक वेळा नाहीच. तो सकाळी चोवीस आणि संध्याकाळी सोळा युनिट मिश्र इन्सुलिन घ्यायचा. मिश्र म्हणजे एकाच बाटलीत दोन जातींचं: थोडं लगेच काम करणारं, बरंचसं हळूहळू, अर्ध्या दिवसाहून जास्त टिकणारं. सकाळ-संध्याकाळ दोन सुया, मग दोन जेवणं. इतकी वर्षं तसंच चाललं होतं. डॉक्टरकडे आम्ही सहा महिन्यांतून एकदा जायचो, आणि तिथंही तो गप्प बसायचा आणि मी बोलायचे.

चोवीस वर्षांचा झाला, अंबडला एका कारखान्यात मशीनवर लागला, मिशा आल्या, तरी ते बदललं नाही. आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीतली त्याच्या वयाची पोरं मे महिन्यात श्रामणेर शिबिराला निघाली. दहा दिवस डोकं भादरून चीवर नेसायचं, भिक्खूंसारखं राहायचं, पहाटे उठून वंदना, ध्यान, आणि दुपारी बारानंतर अन्नाचा कण घ्यायचा नाही. सकाळी न्याहारी, अकराला भोजनदान, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत फक्त पाणी. त्यानं मला विचारलं, “ताई, मी जाऊ का?” मी नाही म्हणणार होते. पण तो म्हणाला, “एकदा तरी सगळ्यांबरोबर जाऊ दे ना गं. प्रत्येक वेळी मीच घरी.” आईला आनंद झाला. तिला पोराच्या अंगावर चीवर बघायचं होतं. मी परवानगी दिली. साखर मोजायचं मीटर दिलं, सुया दिल्या, गुळाचे खडे दिले. डॉक्टरांना विचारावं असं मनात आलं होतं. मग वाटलं, एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर कशाला? मी काय घरी बसून पापड लाटते? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

शिबिर गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याला होतं. मुलांचे मोबाइल कार्यालयात जमा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शिबिर चालवणाऱ्या भंतेंच्या फोनवरून मला फोन केला. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखी सोळा युनिट घेतली, जेवण तर नव्हतंच, दोन तासांत हातपाय कापायला लागले, घामानं चीवर भिजलं. साखर अठ्ठेचाळीस. गूळ खाल्ला म्हणून वाचला. शाळेत असताना त्याला एकदा साखर उतरून आकडी आली होती, दातात जीभ सापडली होती, ते दृश्य मी विसरलेली नाही. कमी साखर लगेच मारते, जास्त साखर सावकाश, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

मी त्याला म्हणाले, “वेडा आहेस का तू? पोटात अन्न नाही आणि इन्सुलिन घेतोस? संध्याकाळचं बंद. साधी गोष्ट आहे, जेवण नाही तर सुई नाही. उपाशी असताना अंगाला इन्सुलिन लागतच नाही, तेव्हा ग्लुकॅगॉनचं काम असतं.”

“बरं,” तो म्हणाला. “सकाळचं घेऊ ना?”

“खाल्लंस तर घे.”

हे बोलताना मला फार हुशार वाटत होतं. फळ्यावरचे दोन रकाने डोळ्यांसमोर होते आणि मी भावाला उचलून उजव्या रकान्यात ठेवत होते.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. सकाळी उठल्यावर साखर तीनशे बारा. “ताई, रात्रभर काहीच खाल्लं नाही, मग आली कुठून?” माझ्याकडे उत्तर तयारच होतं. “लिव्हरनं सोडली. उपाशी असलं की ग्लुकॅगॉन लिव्हरमधून साखर काढतं. म्हणजे तुझं शरीर बरोबर चाललंय. आता सकाळचं इन्सुलिन घे, उतरेल. संध्याकाळचं मात्र बंदच.” उतरलीही असेल दुपारपर्यंत. तहान फार लागते म्हणाला, रात्री चार-पाचदा उठावं लागतं म्हणाला. मे महिना आहे, तहान लागणारच, असं मी म्हणाले. तीनशे बारा ऐकून मला घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं. अठ्ठेचाळीस नव्हती ना!

सातव्या दिवशी दुपारी साडेबाराला फोन आला. या वेळी भंतेजी स्वतः बोलत होते. “तुमच्या भावाची तब्येत बरी नाही. कालपासून उलट्या आहेत. ऊन लागलं असावं म्हणून लिंबूसरबत दिलं, पण आज त्याला बोलताही येईना. गाडीची व्यवस्था करतो, की तुम्ही येता?”

आम्ही रिक्षानं गेलो. चाळीस मिनिटं आई माझा दंड धरून होती आणि मी मनात घोकत होते, साखर उतरली असणार, उतरली असणार, गूळ चोळला की उठेल. मला ते हवं होतं. कमी साखरेवर इलाज मला माहीत होता.

तो पत्र्याच्या शेडमध्ये चटईवर पडला होता. डोकं भादरलेलं, ओठ पांढरे, डोळे खोल गेलेले. सात दिवसांत माणूस इतका वाळतो? आणि श्वास. अंगात झोपेसारखी गुंगी आणि छाती मात्र भात्यासारखी चाललेली, खोल, जोरात, न थांबता. तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येत होता. तो वास म्हणजे काय हे मला माहीत आहे. ॲसिटोन. इन्सुलिन नसलं की चरबी वितळते, त्यातून होतं, हे मी शिकवते. ते मधुमेहाच्या रकान्यात असतं. माझ्या भावाचं इन्सुलिन कोण बंद करणार?

आई पिशवीतून साखर काढून त्याच्या तोंडात घालायला निघाली होती. मी तिचा हात धरला आणि आधी मीटर लावलं. आकडा आलाच नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन अक्षरं आली, ‘हाय’. सहाशेच्या वर गेली की मीटर मोजायचं सोडून देतं. दोन दिवस ज्यानं नीट काही खाल्लं नव्हतं, त्याच्या रक्तात सहाशेच्या वर साखर. सरबतातली थोडी असेल, पण सरबतानं सहाशे होत नाही. तिथंच, त्या चटईशेजारी, मला कळलं. सगळं एकदम कळलं.

मी त्याच्या कानाशी वाकून ओरडले, “सुई कधी घेतलीस? शेवटची कधी?”

तो पुटपुटला, “परवा सकाळी. नंतर खाल्लंच नाही.”

जेवण नाही तर सुई नाही. मळमळायला लागलं तशी न्याहारी सुटली, न्याहारी सुटली म्हणून सकाळची सुईपण सुटली. त्यानं नियम पाळला होता.

मुंबई नाक्याकडच्या एका इस्पितळात त्याला थेट अतिदक्षता विभागात घेतलं. डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आधी त्याच्या दोन्ही हातांत सुया टोचल्या. नंतर बाहेर आल्या आणि विचारलं, “संध्याकाळचं इन्सुलिन किती दिवस बंद होतं?”

“पाच दिवस,” मी म्हणाले. “आणि परवा सकाळनंतर काहीच नाही.”

“कोणी बंद केलं?”

माझं तोंड उघडायच्या आत आई बोलली. “तिथं एकदाच जेवू घालत्या, बाई. उपाशी ठेवला माझ्या लेकराला त्या भंतेनं. मी कशाला पाठवला, माझंच डोकं फिरलं व्हतं. लय साधं पोर हाय माझं, कुनाला नाय म्हनत नाय.”

चौदा वर्षं वर्गात ज्या तोंडाचा पट्टा चालतो, ते तोंड मिटून बसलं.

डॉक्टरबाई आईशी मात्र शांतपणे बोलल्या. “मावशी, उपाशी राहिल्यानं असं झालेलं नाही. उपाशी माणसाला इन्सुलिन कमी लागतं. कमी. शून्य नाही. जेवलेलं नसलं की ग्लुकॅगॉन लिव्हरला सांगतं, साखर सोड. ते बरोबरच आहे, नाहीतर मेंदूला काय मिळणार? पण आता पुरे, हे सांगायला थोडं इन्सुलिन लागतंच. तुमच्या-माझ्या अंगात ते झोपेतसुद्धा थेंब थेंब झिरपत असतं. याच्या अंगात तेच नव्हतं. मग लिव्हर साखर बनवतच राहिलं, स्नायूसुद्धा झिजले त्यासाठी. चरबी वितळली, तिचं ॲसिड झालं, रक्त आंबट झालं. रक्तात साखरेचा पूर आणि पेशी उपाशी.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “रक्ताचा पीएच सातच्या खाली आहे, हवा सात पूर्णांक चारच्या आसपास. चोवीस तास मी काहीच सांगू शकत नाही. सही करा.”

मी सही केली. अक्षर माझं वाटत नव्हतं.

कमी आणि शून्य. एवढाच फरक. माझ्या उजव्या रकान्यात इन्सुलिनपुढे खाली जाणारा बाण होता. खाली म्हणजे कुठवर, हे मी कधी लिहिलं नाही आणि मला कुणी विचारलंही नाही. निरोगी माणसाचा बाण कुठे थांबायचं ते स्वतः जाणतो. माझ्या भावाचा बाण मी हातानं तळाला नेऊन ठेवला, आणि वर त्याला म्हणाले, तुझं शरीर बरोबर चाललंय.

ते चोवीस तास मी कसे काढले, ते लिहिता येत नाही. काचेतून त्याची छाती दिसायची. ती भरभर चालायची तेव्हा वाटायचं थांबेल, आणि जरा मंदावली की वाटायचं थांबलीच. सलाइनच्या बाटल्या, इन्सुलिनचा पंप, तासातासाला बोटाला सुई. पोटॅशियम एकदम उतरलं तेव्हा दोन सिस्टर धावत आत गेल्या आणि पडदा ओढला. मी भिंतीला टेकले. मी कधी कुणाकडे काही मागत नाही, त्या दिवशी मात्र मी भिंतीलाच म्हणत होते, मला ने, त्याला सोड. मेला तर मारणारी मी, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि त्याच्यामागून दुसरं, की हे अजून कुणालाच माहीत नाही. त्या दुसऱ्या वाक्याचा मला थोडा आधार वाटत होता. याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखर दोनशेच्या आसपास आली. सिस्टरनं नवी बाटली लावली, तिच्यावर डेक्स्ट्रोज लिहिलेलं आईनं माझ्याकडून वाचून घेतलं. डेक्स्ट्रोज म्हणजे साखरच, हे कळल्यावर ती उसळली. “साखरेनं मरायला टेकलं पोर, आन वरून साखरच लावत्या? याड लागलं का यांना?”

“आई, इन्सुलिन बंद करता येत नाही,” मी म्हणाले. “रक्तातलं ॲसिड अजून गेलेलं नाही, ते इन्सुलिनशिवाय जाणार नाही. आणि नुसतं इन्सुलिन दिलं तर साखर फार उतरेल. म्हणून साखर देतात, इन्सुलिन चालू ठेवता यावं म्हणून.”

“तो तर जेवला बी नाय.”

“नाही जेवला. तरी लागतं.”

“मग तुला समदं ठाव हाय,” आई म्हणाली, “तर तू त्या भंतेला का नाय सांगितलं?”

तेवढ्यात भंतेजीच आले. उन्हातून आले होते, चीवराची कड धुळीनं भरलेली. हातात भावाच्या कपड्यांची पिशवी, त्याचं मीटर, त्याच्या सुया, सगळं नीट बांधून आणलेलं. आई उठली आणि भर कॉरिडॉरमध्ये त्यांना बोलली. लोकांची पोरं मारायला शिबिर घालता का, आजारी पोराला उपाशी ठेवून कुठलं पुण्य, बाबासाहेबांनी हे शिकवलं का, काय वाट्टेल ते. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. भंतेजींनी मान खाली घातली. म्हणाले, “आई, माझ्या लक्षात यायला हवं होतं. क्षमा करा.”

मी एक मिनिट ऐकलं. खरंच एक मिनिटभर ऐकत उभी राहिले. मग मला माझीच किळस आली.

“आई, गप्प बस,” मी म्हणाले. “यांनी काही केलेलं नाही. इन्सुलिन मी बंद केलं. फोनवर मी सांगितलं, जेवण नाही तर सुई नाही. दोन वेळा सांगितलं.”

आईला पहिल्यांदा समजलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भंतेजींकडे. भंतेजी हळू आवाजात म्हणाले, “तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, पथ्य असेल तर तू संध्याकाळी जेव, आजाऱ्याला सूट असते. तो म्हणाला, माझी ताई हेच शिकवते कॉलेजात, तिनं सगळं नीट सांगितलंय. म्हणून मी पुढे बोललो नाही.”

आई खाली बसली आणि त्यांच्या पायाशी डोकं टेकून रडली. माझ्याशी ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. डबा आणायची, झाकण उघडून माझ्यापुढे ठेवायची आणि काचेकडे तोंड करून बसायची.

इस्पितळातल्या तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. पाणी मागितलं, मग डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, “शिबिर संपलं का?” मी हसले आणि मग मला थांबवता येईना, सिस्टरनं मला बाहेर काढलं.

चार दिवसांनी वॉर्डात डॉक्टरबाईंनी त्याला नवं इन्सुलिन समजावून दिलं. दिवसातून एकदा लांब टिकणारं, आणि जेवणाआधी लगेच काम करणारं वेगळं. “हे जेवणाचं. जेवला नाहीस तर हे नको. आणि हे दुसरं तुझ्या जिवाचं. जेव, उपाशी राहा, उलट्या होऊ देत, ताप येऊ दे, हे बंद करायचं नाही. कमीजास्त करायचं तर मला फोन. कळलं?” तो मान हलवत होता. त्या गेल्या तसा तो माझ्याकडे वळला आणि आवाज लहान करून म्हणाला, “ताई, बरोबर सांगतात ना त्या? घेऊ ना?”

मला वाटलं, यापेक्षा त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

“मला नको विचारूस,” मी म्हणाले. “मीच तुला या खाटेवर आणलं. तुला कळतंय ना, माझ्यामुळे झालं हे?”

“कळतंय गं.” तो पंख्याकडे बघत राहिला. “पाचव्या दिवशी संध्याकाळी साखर चारशेवर होती. मला वाटलं, काहीतरी चुकतंय, घ्यावं. कार्यालयातल्या फ्रिजमधून बाटली काढली, सुईत दहा भरले पण होते. चीवर बाजूला करून पोटाला लावली सुद्धा.”

“मग?”

“मग काय,” तो म्हणाला, “तू नको म्हणाली होतीस. मोरीत सोडून दिलं.”